आधी ब्रेक सुटतो: होल्टर, बिबट्या आणि आम्ही बहीणभाऊ

छातीत मधूनच एक ठोका चुकल्यासारखा वाटायचा, म्हणून डॉक्टर मॅडमनी मला चोवीस तासांचं होल्टर लावलं. छातीवर चिकटवलेली स्टिकर्स, त्यांना जोडलेल्या वायरी आणि कमरेला पाकिटात एक छोटं यंत्र. हृदयाचा एकूण एक ठोका त्यात नोंदला जातो. सोबत एक कागद दिला होता. काही जाणवलं की यंत्रावरचं बटण दाबायचं आणि कागदावर वेळ आणि त्या वेळी काय करत होतो ते लिहायचं. आंघोळ करू नका, बाकी रोजच्यासारखं वागा, एवढंच सांगितलं होतं.

मी जुन्नर तालुक्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. शुक्रवारी दुपारी होल्टर लावून थेट माहेरी गेले. त्या आठवड्यात शेतीपंपाला रात्रीची लाईट होती. भावाला साडेअकराला मोटार चालू करायला मळ्यात जायचं होतं आणि नेहमी सोबत येणारा गडी सुट्टीवर. आमच्याकडे रात्री उसाच्या बाजूला एकट्याने जात नाहीत. दोघं जातात, हातात काठी, मोबाईलवर मोठ्याने गाणं. वहिनीचं बाळ लहान, म्हणून मी निघाले. "रोजच्यासारखं वागा" यात हे बसतं की नाही, हे मॅडमना विचारायचं राहून गेलं होतं.

बांधावरून चालताना भाऊ मध्येच थांबला आणि त्याने गाणं बंद केलं. उजवीकडच्या उसात पाचट वाजत होतं. वाऱ्याचा आवाज सलग येतो, हा तुटक होता. भावाने बॅटरी तिकडे फिरवली, तर चारीच्या पलीकडे, जमिनीपासून दोनेक फुटांवर, दोन हिरवट-पिवळे दिवे लागले. माणसाचे डोळे असे चमकत नाहीत, कारण आपल्या पडद्यामागे प्रकाश परत फेकणारा थर नसतो. हे मी दरवर्षी वर्गात सांगते. तेव्हा मात्र मनात एवढंच होतं की हे दिवे हलत नाहीयेत, आणि मीही हलत नाहीये.

"ताई, पळू नको," भाऊ ओठ न हलवता म्हणाला. पळायचं माझ्या मनातही नव्हतं. पाय रुतले होते, श्वास अर्ध्यावर अडकला होता. मग दिवे विझले, एक लांबट अंग चारीवरून उडी मारून आमच्या बाजूला आलं, बांध ओलांडून डावीकडच्या उसात शिरलं. आमच्यापासून फार तर वीस पावलं. भावाने काठी आपटत ओरडायला सुरुवात केली आणि आम्ही उसाकडे पाठ न करता, एकमेकांना धरून, मागे मागे सरकत मोटारीच्या खोलीत शिरलो. कडी लावली. तेव्हा कुठे मला कमरेच्या यंत्राची आठवण झाली आणि मी बटण दाबलं. कागदावर वेळ लिहिली 11:49. "काय करत होतात" या रकान्यात लिहिलं: बिबट्या.

खोलीत पिवळा बल्ब होता. भाऊ स्टार्टरपाशी उभा राहून माझ्याकडे बघत होता आणि मला त्याचे डोळे ओळखीचे वाटेनात. त्याचे डोळे तसे तपकिरी. पण बाहुली एवढी पसरली होती की तपकिरी रंगाची बारीक कडाच उरली होती. बाहेर अंधारात बाहुली मोठी असणं साहजिक आहे. पण आम्हाला उजेडात येऊन मिनिट होऊन गेलं होतं, आणि उजेडात बाहुली सेकंदाच्या आत आकसायला लागते.

माझ्यातली मास्तरीण अशा वेळीही गप्प बसत नाही. मी बॅटरी घेतली आणि बाजूने त्याच्या डोळ्यावर मारली. "आगं काय करती?" म्हणाला, पण डोळे मिटले नाहीत. बाहुली लहान झाली, पण अर्धवटच, आणि बॅटरी बाजूला नेल्याबरोबर पुन्हा पसरली.

हे समजायला एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. बाहुली म्हणजे नुसतं भोक. त्याचा आकार बदलतात परितारिकेतले, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत कड्यातले, दोन स्नायू. एक भोकाभोवती गोल, पिशवीच्या नाडीसारखा. तो आवळला की भोक लहान होतं. तो परानुकंपी चेतासंस्थेच्या, म्हणजे निवांतपणी शरीराचा कारभार बघणाऱ्या संस्थेच्या, हाती असतो. दुसरा सायकलच्या आऱ्यांसारखा, भोकापासून कडेकडे जाणारा. तो आखडला की भोक ओढून मोठं होतं. तो अनुकंपीच्या, म्हणजे धोक्याच्या वेळी शरीराला तयार करणाऱ्या संस्थेच्या, हाती. त्याची वायर भलतीच लांबून येते: मेंदूतून खाली मानेच्या तळापर्यंत, तिथून बाहेर पडून फुप्फुसाच्या टोकावरून, मग पुन्हा मानेतून वर डोळ्यात. म्हणूनच फुप्फुसाच्या टोकाशी गाठ झाली तर कधीकधी त्या बाजूची बाहुली लहान राहते आणि पापणी थोडी खाली येते, आणि दुखणं छातीत असून डॉक्टरांना पहिली खूण डोळ्यात सापडते.

भीतीच्या वेळी काय होतं? माझं वर्षानुवर्षांचं उत्तर होतं की अनुकंपी संस्था आरे ओढते. ते खरं आहे, पण अर्धं. त्याच वेळी मेंदू नाडी आवळणाऱ्या केंद्रालाही दाबून धरतो. म्हणजे एका बाजूने ओढ वाढते आणि दुसऱ्या बाजूने आवळ सैल होते. भावाच्या डोळ्यावर बॅटरी मारली तेव्हा दिसलं ते हेच. उजेड नाडी आवळायला सांगत होता, भीती तिला आवळू देत नव्हती. प्रतिक्षेप मेला नव्हता, दबला होता.

या दोन वाटा वेगळ्या आहेत, हे डोळे तपासून घेतलेल्या कुणालाही ठाऊक असतं, फक्त तसं नाव माहीत नसतं. पडदा तपासण्याआधी घालतात त्या थेंबांत बहुधा दोन औषधं असतात. एक नाडीच्या स्नायूला लुळं करतं, दुसरं आऱ्यांना आखडायला लावतं. पहिल्यामुळे जवळचं वाचता येईनासं होतं, कारण भिंगाला जवळच्या वस्तूसाठी फुगवणारा स्नायूही त्याच परानुकंपी वाटेवर आहे. दुसऱ्याने बाहुली मोठी होते, पण वाचायला फारसं अडत नाही. त्या रात्री कागदावर वेळ लिहिताना मला अक्षरं धूसर दिसत होती. मी ते हात थरथरण्यावर ढकललं होतं. हातही थरथरत होतेच, त्यामुळे दोघांत कुणाचा वाटा किती हे मी सांगू शकत नाही. चाळिशी लागलीय, हा तिसरा संशयित.

तोंड इतकं कोरडं पडलं होतं की जीभ टाळूला चिकटत होती. पोटात मात्र दगड. साडेआठला मासवडी आणि बाजरीची भाकरी खाल्ली होती. ती आहे तिथेच थांबून राहिल्यासारखी वाटत होती. इकडे भावाची वेगळीच अडचण.

"ताई, परसाकडं लागलीया."

"आत्ता?"

"आत्ताच लागली. काय करू, बाहेर जाऊ त्या वाघाकडं?"

मला हसू फुटलं, पण प्रश्न खरा होता, आणि माझ्या वर्गातल्या तक्त्याला न झेपणारा. माझ्या तक्त्यात अनुकंपीच्या रकान्यात लिहिलेलं असतं: पचन मंदावते. एवढंच. मग त्याच भीतीने माझं पोट थांबलं आणि त्याचं सुटायला निघालं, हे कसं?

पोट थांबतं हे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं वॉल्टर कॅनन या अमेरिकी वैज्ञानिकाने. एक्स-रेचा शोध लागून जेमतेम एक-दोन वर्षं झाली होती आणि तो हार्वर्डमध्ये वैद्यकीय विद्यार्थी होता. मांजरांना बिस्मथ मिसळलेलं अन्न देऊन तो एक्स-रेखाली जठराच्या लाटा बघत बसे. मांजर चिडलं, घाबरलं की लाटा थांबत. त्याला कुरवाळून शांत केलं की पुन्हा सुरू होत. 'लढा किंवा पळा' ही कल्पना पुढे याच माणसाने मांडली, आणि तिच्या मुळाशी ही रुसलेली मांजरं होती.

थांबण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. आतड्याच्या भिंतीत त्याचं स्वतःचं चेतातंतूंचं जाळं असतं. ते मेंदूशिवायही आतडं हलवू शकतं. मेंदूतून खाली येणारी व्हेगस ही परानुकंपी चेता त्या जाळ्याला "चालू दे" म्हणते. अनुकंपी तंतू स्नायूपेक्षा जास्त त्या जाळ्यालाच गाठतात आणि तिथे सुटणारं अ‍ॅसिटिलकोलिन हे निरोप पोचवणारं रसायन कमी करतात. म्हणजे मजुराचा हात धरण्यापेक्षा मुकादमाला गप्प करणं. शिवाय वाटेतल्या झडपा आवळल्या जातात आणि रक्तवाहिन्या आखडतात. विश्रांतीत हृदयाने बाहेर टाकलेल्या रक्तातला साधारण पाव हिस्सा आतडी आणि यकृताकडे जात असतो. तो वळवून पायांच्या स्नायूंना देता येतो. बिबट्या समोर असताना मासवडी पचवण्यात काही अर्थ नाही, हे शरीराचं गणित बरोबर आहे. अर्थात बेसन आणि तेल जठरातून तसंही सावकाशच पुढे सरकतं, तेव्हा सगळा दगड बिबट्याच्या नावावर टाकणं अन्यायाचं होईल.

भावाचं उत्तर आतड्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. व्हेगसचा अंमल मोठ्या आतड्याच्या मध्यापर्यंत. त्याच्या पुढच्या भागाला परानुकंपी तंतू येतात ते पाठीच्या कण्याच्या खालच्या टोकातून, माकडहाडाच्या वर असलेल्या त्रिकास्थीतून. ताणाच्या वेळी मेंदूत जे रसायन पहिल्यांदा सुटतं आणि पुढची सगळी धावपळ सुरू करतं, तेच रसायन वरच्या पोटाला थांबवतं आणि या खालच्या तंतूंना जागं करतं. म्हणजे एकाच क्षणी, एकाच माणसात, वरच्या पोटाला "थांब" आणि खालच्याला "चल". परीक्षेच्या सकाळी संडासासमोर रांग लागते ती यामुळेच. भाऊ तग धरून राहिला, कारण सगळ्यात बाहेरची झडप आपल्या इच्छेच्या स्नायूची असते. तिच्यावर या दोन्ही संस्थांचा हुकूम शेवटचा नसतो. पाऊण तासाने चुलतभाऊ ट्रॅक्टर घेऊन आला तेव्हा भाऊ माझ्याआधी ट्रॅक्टरवर चढला.

शनिवारी दुपारी यंत्र परत दिलं. चार दिवसांनी मॅडमनी बोलावलं आणि माझा कागद समोर ठेवून विचारलं, "हे काय लिहिलंय? बिबट्या?" मी सगळं सांगितलं. मग त्यांनी संगणकावर 11:49च्या मागे मागे जात ती वेळ शोधली. बटण मी खोलीत गेल्यावर दाबलेलं, म्हणजे खरा प्रसंग त्याच्या आधीचा. सापडायला वेळ लागला नाही.

होल्टरच्या पट्टीवर दोन ठोक्यांमधलं अंतर मिलिसेकंदांत मोजता येतं. 60,000ला त्या आकड्याने भागलं की मिनिटाला किती ठोके ते कळतं. भाऊ थांबला तेव्हा माझं अंतर 710च्या आसपास होतं, म्हणजे मिनिटाला साधारण 84. चालून आल्यावर ठीकच. यापुढे पट्टी एकदम वर उसळणार, अशी माझी अपेक्षा.

पण अंतर वाढत गेलं. 740, 820, 880, 900. म्हणजे 67. चार-पाच सेकंद हृदय मंदावलं होतं.

"चूक आहे का यंत्राची?" मी विचारलं.

"नाही. तुम्ही तेव्हा काय करत होतात?"

"काहीच नाही. डोळे दिसले आणि थिजले होते."

"मग तेच आहे हे," त्या म्हणाल्या. प्राणी धोका ओळखून थिजतो तेव्हा व्हेगस जोर करते आणि हृदय मंदावतं. माणसातही. त्याच वेळी अनुकंपी बाजूही जागी झालेली असते, हाताला घाम सुटलेला असतो, बाहुली पसरू लागलेली असते. गाडी गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय, आणि ब्रेकही दाबलेला. मी वर्गात दोन्ही संस्था तराजूच्या पारड्यांसारख्या दाखवते: एक वर तर दुसरं खाली. या पाच सेकंदांत दोन्ही पारडी एकदम खाली होती.

मग उडी. पट्टीवर ती दिसते. 900, 780, 690, 650. चार ठोके, तीन सेकंद, आणि 67चे 92 झाले. मॅडमनी इथे पेन टेकवलं. "हे अ‍ॅड्रिनलिन नाही," म्हणाल्या. "एवढ्या लवकर ते पोचत नाही."

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात ठोके पाडणारी एक गाठ असते. तिच्यावर कुणाचाच अंमल नसेल तर ती मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके देते, माझ्या वयाला नव्वदच्या थोडं वर. प्रत्यारोपण केलेल्या हृदयाला सुरुवातीला कुठलीच चेता जोडलेली नसते, म्हणून ते शांत बसल्यावरही नव्वद-शंभराच्या गतीने चालतं. आपली नाडी एरवी सत्तर असते कारण व्हेगस दिवसरात्र ब्रेक लावून बसलेली असते. म्हणून नव्वदपर्यंत जायला कुणी ढकलावं लागत नाही. व्हेगसने पाय उचलला की पुरे.

आणि तो पाय झटकन उचलता येतो. व्हेगसच्या टोकातून सुटणारं अ‍ॅसिटिलकोलिन त्या गाठीच्या पेशींत पोटॅशियमची दारं जवळपास थेट उघडतं, आणि काम झालं की तिथलंच विकर त्याचा लगेच चुरा करतं. लावणं आणि सोडणं, दोन्ही एखाद्या ठोक्यात. अनुकंपीचं नॉरअ‍ॅड्रिनलिन मात्र पेशीत एक निरोप देतं, तो दुसऱ्याला, तो तिसऱ्याला, मग गती वाढते. तिला सुरू व्हायलाच एक-दोन सेकंद लागतात आणि पूर्ण भरात यायला वीस-तीस. पट्टीवर तसंच होतं. 92नंतर चढ सौम्य झाला: दहा सेकंदांनी 112, पंचवीस सेकंदांनी 131, खोलीच्या दाराशी 141. एवढ्यात मूत्रपिंडावरच्या ग्रंथींनी सोडलेलं अ‍ॅड्रिनलिनही रक्तातून येऊन पोचलेलं. पायांनी मागे चालण्याचे कष्टही त्यात आहेत. कुठे व्हेगस संपली आणि कुठे दुसरी सुरू झाली अशी रेघ मारता येत नाही, हे मॅडमनी दोनदा बजावलं. पण 92च्या वरचं काही व्हेगसच्या एकटीच्या हातचं नव्हतं, एवढं नक्की.

141वर आणखी एक गोष्ट दिसली. सगळी अंतरं सारखी, 425, 424, 425, माळेत ओवल्यासारखी. शांत माणसाची अंतरं अशी नसतात. श्वास आत घेताना ठोके जवळ येतात, सोडताना लांबतात, कारण व्हेगसचा पाय श्वासाबरोबर थोडा उचलतो, थोडा दबतो. ही लाट नाहीशी झाली म्हणजे ब्रेकवरून पाय पूर्ण उचललेला. कडी लावल्यावर मिनिटभरात 118 झाले आणि अंतरांत पुन्हा बारीक हेलकावे आले. ब्रेक परतला होता. अ‍ॅक्सिलरेटर मात्र सुटायला तयार नव्हता. अ‍ॅड्रिनलिन रक्तातून दोन-तीन मिनिटांत निम्मं होतं, पण बाहेर पाचट वाजलं की आमचा जीव पुन्हा घशाशी येई आणि नवा घोट सुटे. पंधरा मिनिटांनीही 96. घरी अंथरुणावर, एक वाजता, 82. माझे ते चुकणारे ठोके याच उतरणीवर चार-पाच सापडले. मॅडमना त्यांत काळजीचं काही दिसलं नाही. वेगात असताना एकही नव्हता, हे त्यांना बरं वाटलं.

पहाटे तीनला मी झोपेत 58वर होते, 950 ते 1110 अशी छान लाट. मॅडम पट्टी पुढे सरकवत होत्या. 5:40ला थांबल्या. 1040, 860, 740, 680. चार ठोक्यांत 88. मग आणखी वर जाण्याऐवजी दहा सेकंदांत सरळ खाली, पुन्हा 60. नुसता ब्रेक सुटला आणि पुन्हा लागला. अ‍ॅक्सिलरेटरला पाय लागलाच नाही.

"इथे काय झालं?" त्यांनी विचारलं. "कागदावर काही नाही."

मी आठवून पाहिलं. दार जोरात वाजलं होतं. भाऊ चहा घेऊन आला होता.